तंतुकणिका तुटल्या की नाहीत, हे कोणत्या सूक्ष्मदर्शकाला विचारावे?

पेशीविज्ञानाच्या प्रात्यक्षिकात ‘दिलेल्या प्रश्नासाठी योग्य सूक्ष्मदर्शक निवडा आणि निवडीचे कारण लिहा’ असा प्रश्न आला की बहुतेक विद्यार्थी सर्वांत जास्त विवर्धन देणाऱ्या यंत्राचे नाव लिहितात. ते उत्तर बहुधा चुकते, कारण प्रत्येक सूक्ष्मदर्शक पेशीविषयी वेगळ्या प्रकारची माहिती देतो आणि इतर काही बाबतींत तो पूर्णपणे आंधळा असतो. हे समजण्यासाठी साधा प्रकाश, फ्लुरोसन्स, कॉन्फोकल आणि इलेक्ट्रॉन या चारही पद्धतींची यादी पाठ करण्यापेक्षा एकच प्रश्न घेऊन तो चारही यंत्रांपुढे ठेवून पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

आपला प्रश्न असा आहे. हेला पेशींना सीसीसीपी हे रसायन १० मायक्रोमोलर तीव्रतेने एक तास दिले, तर त्यांच्यातील तंतुकणिकांचे जाळे तुटून तुकडे होतात का? सीसीसीपी तंतुकणिकेच्या आतल्या पटलातून प्रोटॉन गळू देते आणि त्या पटलावरील विद्युत विभव नाहीसा होतो. विभव गेला की ओमा-१ नावाचे विकर ओपा-१ या प्रथिनाला कापते. ओपा-१ हे तंतुकणिकांची आतली पटले एकमेकांना जोडणारे प्रथिन असल्यामुळे जोडणी थांबते, पण डीआरपी-१ हे प्रथिन तंतुकणिकांना चिमटून तोडण्याचे काम करीतच राहते. जोडणी थांबली आणि तोडणी चालू राहिली की लांब नळ्यांच्या जागी गोल ठिपके दिसू लागणे अपेक्षित आहे. सीसीसीपी डीएमएसओमध्ये विरघळवलेले असते, म्हणून तुलनेसाठीच्या पेशींना तेवढेच डीएमएसओ द्यावे लागते.

आधी आकारमान पाहू. हेला पेशीतील तंतुकणिकेची नळी साधारण अर्धा मायक्रोमीटर जाड आणि कित्येक मायक्रोमीटर लांब असते. तिच्या आतल्या पटलाच्या घड्या मात्र जेमतेम २० ते ३० नॅनोमीटर रुंद असतात. प्रकाशाने किती जवळच्या दोन बिंदूंना वेगळे ओळखता येते, म्हणजेच त्याची विभेदनक्षमता किती, याचा नियम एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडला. तो असा:

d = λ / (2 × NA)

यात λ ही प्रकाशाची तरंगलांबी आहे आणि NA म्हणजे ऑब्जेक्टिव्हवर कोरलेले न्युमरिकल अॅपर्चर, अर्थात ते भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करू शकते याचे माप. महाविद्यालयातील नेहमीच्या ४०एक्स ऑब्जेक्टिव्हचे हे माप ०.६५ असते, म्हणून ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात उत्तर सुमारे ४२० नॅनोमीटर येते. तेल लावून वापरल्या जाणाऱ्या १.४ मापाच्या ऑब्जेक्टिव्हने ६०० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात ते सुमारे २१५ नॅनोमीटरवर येते. या दोन आकड्यांतच आपल्या निवडीचा अर्धा भाग दडलेला आहे. अर्ध्या मायक्रोमीटरची नळी तेलाच्या ऑब्जेक्टिव्हला व्यवस्थित ओळखता येईल, पण तिच्या आतल्या घड्या प्रकाशाच्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाला कधीच दिसणार नाहीत. कॅमेऱ्यातून प्रतिमा आणखी मोठी केली तरी नवा तपशील मिळत नाही, तोच धूसर ठिपका मोठा दिसतो.

उरलेला अर्धा भाग उठावाचा आहे. वस्तू विभेदनक्षमतेच्या आत असूनही दिसत नाही, असे वारंवार घडते. जिवंत पेशीतील तंतुकणिका प्रकाश जवळजवळ शोषतच नाही, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती पाण्यातल्या काचेच्या तुकड्यासारखी हरवून जाते. तिला उठाव देण्याचा मार्ग कोणता, हा प्रश्न विवर्धनाच्या आधी विचारायचा असतो.

साध्या प्रकाशाचे काम

पदवीच्या प्रात्यक्षिकात गालाच्या आतल्या पेशींवर जेनस ग्रीन बी हा रंग टाकून तंतुकणिका दाखवतात, ते उठाव मिळवण्याचे जुने आणि सुंदर उदाहरण आहे. तंतुकणिकेतील सायटोक्रोम ऑक्सिडेज हा रंग ऑक्सिडीकृत, म्हणजे निळसर हिरवा ठेवते, तर उरलेल्या पेशीद्रव्यात तो क्षपण होऊन रंगहीन होतो. त्यामुळे काही मिनिटांपुरते बारीक निळसर ठिपके दिसतात. येथे एक सावधगिरी हवी. गालाच्या पेशींवर तोंडातले जिवाणूही चिकटलेले असतात आणि त्यांचे आकारमान तंतुकणिकेच्या जवळपास असते. ठिपका पेशीच्या कडेबाहेरही आढळला, किंवा फोकस किंचित वर-खाली केल्यावर तो पेशीच्या पृष्ठभागावर बसलेला दिसला, तर तो जिवाणू समजावा.

आपल्या सीसीसीपीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र या पद्धतीने मिळणार नाही, कारण ठिपका दिसणे वेगळे आणि जाळ्याचा आकार दिसणे वेगळे. तरीही फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाशिवाय हा प्रयोग सुरूच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेशीच्या निरनिराळ्या भागांतून जाताना प्रकाशलहरी कमी-अधिक मागे पडतात, आणि हा फरक फेज कॉन्ट्रास्ट उजेड-अंधाराच्या फरकात बदलतो. त्यामुळे रंग न टाकता जिवंत पेशीची कडा, केंद्रक आणि केंद्रकी दिसतात. या शोधासाठी फ्रिट्स झर्निके यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याला त्यातून एवढेच जाणून घ्यायचे असते की तासाभरानंतर पेशी काचेला चिकटून पसरलेल्या आहेत, की गोल होऊन सुटू लागल्या आहेत. मरणाऱ्या, गोल झालेल्या पेशीत तंतुकणिकाही तुटलेल्याच दिसतात. तेव्हा दोन्ही गटांतील पेशी सारख्याच पसरलेल्या आहेत याची खात्री आधी झाली नाही, तर पुढच्या कोणत्याही महागड्या प्रतिमेचा अर्थ लावता येत नाही.

फ्लुरोसन्स: बहुतेक उत्तर येथेच मिळते

फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकात उठाव मिळवण्याची रीत अगदी निराळी आहे. एका गाळणीतून निवडलेला प्रकाश नमुन्यावर पडतो, रंगरेणू तो शोषून अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात, आणि द्विवर्णी आरसा व दुसरी गाळणी मिळून मूळ प्रकाश अडवून फक्त हा नवा प्रकाश कॅमेऱ्याकडे जाऊ देतात. काळ्या पार्श्वभूमीवर फक्त रंगवलेलीच वस्तू चमकते. याचा अर्थ असाही होतो की जे रंगवले नाही ते मुळीच दिसत नाही, आणि रंग भलतीकडे गेला तर भलतीच वस्तू दिसते.

येथे आपल्या प्रयोगातला सर्वांत मोठा सापळा आहे. तंतुकणिकांसाठी सर्रास वापरला जाणारा मायटोट्रॅकर रेड हा रंग आतल्या पटलावरील विभवाच्या ओढीने आत साठतो, आणि सीसीसीपी नेमका तोच विभव नाहीसा करते. आधी सीसीसीपी आणि नंतर रंग असा क्रम ठेवला, तर उपचार केलेल्या पेशी अंधुक दिसतात, रंग पेशीद्रव्यात आणि केंद्रकातही पसरतो, आणि विद्यार्थी वहीत ‘तंतुकणिका नष्ट झाल्या’ असे लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात तंतुकणिका जागच्या जागी असतात, फक्त रंगाला आत ओढणारी शक्ती गेलेली असते. या चुकीची खूण अशी की चमक संपूर्ण पेशीत एकसारखी कमी झालेली असते आणि केंद्रकाच्या जागी अपेक्षित काळा डाग नीट उठत नाही.

यावर उपाय म्हणजे पेशींचे स्थिरीकरण करून टॉम-२० या बाहेरच्या पटलावरील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे वापरणे. हे प्रथिन आधीच पटलात बसलेले असल्यामुळे विभव असो वा नसो, नळीची बाह्यरेषा उमटते. ही वाट थोडी लांब आहे, कारण प्रतिपिंडांना आत जाऊ देण्यासाठी पटलांना छिद्रे पाडावी लागतात आणि धुण्याच्या पायऱ्या वाढतात, पण आकाराच्या प्रश्नाला मिळणारे उत्तर विश्वासार्ह असते. स्थिरीकरणाचे ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड ३७ अंशांवर कोमट करून घालावे. फ्रिजमधून काढलेले थंड द्रावण तसेच ओतले, तर थंडीच्या धक्क्याने सूक्ष्मनलिका विस्कळीत होतात, तंतुकणिकांचा आकारही बदलतो आणि फक्त डीएमएसओ दिलेल्या पेशींतही तुकडे दिसू लागतात. तुलनेच्या गटातच तुकडे दिसले, तर सीसीसीपीबद्दल काहीही न लिहिता स्थिरीकरण पुन्हा करावे. जिवंत पेशी पाहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की रंगवलेल्या पेशीवर बराच वेळ तीव्र प्रकाश टाकला, तर तो प्रकाशच तंतुकणिका तोडतो.

प्रतिमा मिळाल्यावर मोजणी कशी करावी? प्रत्येक पेशीला तीनपैकी एका गटात टाकावे: जाळे अखंड, मिश्र, किंवा तुकडे. दोन्ही गटांतील शंभरेक पेशी पाहाव्यात. कोणती काच कोणत्या गटाची आहे हे मोजणाऱ्याला ठाऊक नसावे, म्हणून काचांवर दुसऱ्या कोणीतरी सांकेतिक क्रमांक घालून द्यावेत. हा प्रयोग वेगवेगळ्या तीन दिवशी केला, तर एका दिवसाच्या पेशींचा लहरीपणा निकालावर स्वार होत नाही. पेशीच्या पसरट कडेला, जिथे पेशी फक्त एक-दोन मायक्रोमीटर जाड असते, तिथे साधा फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक एवढी स्वच्छ प्रतिमा देतो की या प्रश्नासाठी आणखी कशाची गरज भासत नाही. शिवाय तो निर्माण झालेला जास्तीत जास्त प्रकाश गोळा करतो, त्यामुळे छायाचित्र लवकर मिळते आणि रंग कमी विटतो.

कॉन्फोकल केव्हा लागतो

अडचण केंद्रकाजवळ येते. तिथे पेशी बरीच जाड असते आणि तंतुकणिका एकमेकींवर रचलेल्या असतात. साध्या फ्लुरोसन्समध्ये संपूर्ण जाडीतले रंगरेणू एकदम चमकतात, म्हणून फोकसच्या वरचा आणि खालचा प्रकाश धुक्यासारखा मिसळतो. कॉन्फोकल यंत्रात लेझरचा बिंदू नमुन्यावरून ओळीओळीने फिरतो आणि शोधकापुढे एक बारीक छिद्र असते. फोकसमधल्या पातळीवरून आलेला प्रकाश त्या छिद्रातून पार होतो, तर वरच्या-खालच्या पातळीचा प्रकाश पसरून छिद्राच्या कडेला आदळतो आणि अडतो. मार्विन मिन्स्की यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी १९५७ मध्ये अर्ज केला होता. नमुना न कापताच त्याचा प्रकाशीय काप मिळणे, हा या यंत्राचा खरा लाभ आहे. आडव्या दिशेने कॉन्फोकल फार मोठी विभेदनक्षमता देतो, असा समज विद्यार्थ्यांत आढळतो, पण प्रात्यक्षिकातल्या नेहमीच्या मांडणीत तो फरक नगण्य असतो. छिद्र अगदी लहान करून तो थोडा वाढवता येतो, पण तेव्हा प्रकाश इतका कमी उरतो की प्रतिमेत दाणेच दाणे दिसतात.

समजा, केंद्रकाजवळ पेशी ६ मायक्रोमीटर जाड आहे आणि आपण दर ०.३ मायक्रोमीटरवर एक काप घेतो, तर २१ प्रतिमांची रास होते. प्रकाशीय कापाची जाडी १.४ मापाच्या ऑब्जेक्टिव्हनेही साधारण ०.६ ते ०.८ मायक्रोमीटर असते, त्यामुळे पाऊल याहून फार बारीक ठेवून उपयोग नाही, फक्त रंग अधिक विटतो. या राशीत वर-खाली सरकत गेले की दोन नळ्या खरोखर जोडलेल्या आहेत की एकमेकींवरून नुसत्या ओलांडून गेल्या आहेत, हे कळते. जाळे अखंड आहे का, या प्रश्नाचा जाड भागातला गाभा हाच आहे.

कॉन्फोकलची निकड त्याहून अधिक तेव्हा भासते, जेव्हा प्रश्न ‘तुकडे झाले का’ इथून ‘डीआरपी-१ तुटण्याच्या जागी येऊन बसते का’ इथवर सरकतो. आता दोन रंग हवेत, एक टॉम-२० साठी आणि दुसरा डीआरपी-१ साठी. साध्या फ्लुरोसन्समध्ये एक ठिपका तंतुकणिकेच्या दोन मायक्रोमीटर वर तरंगत असला, तरी प्रतिमेत तो तिच्यावर बसलेला भासेल. कॉन्फोकल ही चूक बरीच कमी करतो, पण पूर्णपणे नाही. लाल आणि हिरवे मिळून पिवळे झाले, म्हणजे दोन्ही प्रथिने आडव्या दिशेने सुमारे २०० नॅनोमीटरच्या आणि उभ्या दिशेने पाऊण मायक्रोमीटरच्या आत आहेत, एवढेच सिद्ध होते. एवढ्या जागेत शेकडो प्रथिने परस्परांना न शिवता मावतात. म्हणून वहीत ‘प्रथिने एकमेकांना चिकटली’ असे न लिहिता ‘प्रथिने एकाच ठिकाणी आढळली’ असे लिहावे. शिवाय एका रंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या शोधकात झिरपतो आणि पिवळा रंग निव्वळ त्यामुळेही दिसू शकतो. फक्त एकच रंग लावलेली काच दोन्ही शोधकांतून तपासली की हे झिरपणे लगेच उघडकीस येते. ती काच केल्याशिवाय दोन रंगांचा निष्कर्ष लिहू नये, याबाबत मी आग्रही आहे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक काय सांगतो आणि काय सांगत नाही

आता प्रश्न बदलू. तुकडे झालेल्या तंतुकणिकेच्या आतल्या घड्या शाबूत आहेत का? २० नॅनोमीटरच्या घडीसाठी प्रकाशाचा नेहमीचा सूक्ष्मदर्शक निरुपयोगी आहे, आणि येथे पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही. एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी १९३१ मध्ये असे पहिले यंत्र उभे केले, आणि पॅलाडे यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला घड्यांची रचना त्याच मार्गाने दाखवली. प्लॅस्टिकच्या कापात प्रत्यक्षात सुमारे दोन नॅनोमीटरपर्यंतचा तपशील मिळतो. क्रमवीक्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येथे चालणार नाही, कारण त्याच्या नेहमीच्या वापरात तो पेशीचा बाहेरचा पृष्ठभाग दाखवतो आणि आपली तंतुकणिका आत आहे.

या तपशिलाची किंमत मोठी आहे. पेशी २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये, मग १ टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये स्थिर करायच्या, इथेनॉलच्या चढत्या तीव्रतांतून पाणी काढायचे, इपॉक्सी रेझिनमध्ये बसवून ६० अंशांवर सुमारे दोन दिवस घट्ट होऊ द्यायचे, मग ७० नॅनोमीटरचे काप काढून ३ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जाळीवर घ्यायचे आणि युरेनिल अॅसिटेट व लेड सायट्रेटने रंगवायचे. ऑस्मियमची वाफ डोळ्यांना इजा करते, म्हणून हे काम धूरकपाटातच होते. अनेक महाविद्यालये यातला यंत्राचा भाग आयआयटी मुंबईसारख्या संस्थांमधील सामायिक उपकरण केंद्रांकडे सोपवतात, पण स्थिरीकरण आपल्याच हातात असते आणि नमुना बहुधा तिथेच बिघडतो. दोन्ही गटांतील तंतुकणिका फुगलेल्या आणि आतून रिकाम्या दिसल्या, तर दोष स्थिरीकरणाचा आहे. कापावर सुईच्या टोकाएवढे गच्च काळे गोळे विखुरलेले दिसले, तर लेड सायट्रेट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून लेड कार्बोनेट झाले आहे.

मात्र सर्वांत फसवी चूक स्वच्छ, उत्तम प्रतिमेतच होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तुलनेच्या गटातल्या तंतुकणिकाही बहुतांशी गोल किंवा अंडाकृती दिसतात. कारण यंत्रात नसून कापाच्या भूमितीत आहे. काकडीची आडवी चकती गोल असते, म्हणून काकडी गोल असते असे कोणी म्हणत नाही. आपला काप ७० नॅनोमीटर जाड आणि नळी अर्धा मायक्रोमीटर जाड असल्यामुळे एका कापात नळीची फक्त एक चकतीच येते. लांब नळ्या सर्व दिशांना सारख्याच विखुरलेल्या आहेत असे धरून गणित केले, तर चार चकत्यांपैकी तीन चकत्यांची लांबी रुंदीच्या दुपटीहून कमी भरते. म्हणजे जाळे पूर्ण अखंड असतानाही कापातल्या तीन-चतुर्थांश तंतुकणिका तोकड्या दिसतात. याउलट, काचेवर पसरलेल्या पेशी खरवडून गोळा न करता जागच्या जागी रेझिनमध्ये बसवल्या आणि काचेला समांतर काप घेतले, तर नळ्या लांबीने सापडण्याची शक्यता बरीच वाढते, कारण पसरट पेशीत त्या बहुतांशी आडव्याच पडलेल्या असतात. म्हणून कोणत्याही इलेक्ट्रॉन प्रतिमेखाली कापाची जाडी आणि कापण्याची दिशा लिहिलेली असणे मोजपट्टीइतकेच आवश्यक आहे.

आपल्या प्रयोगात त्यामुळे कामाची वाटणी अशी होते. पेशी निरोगी आहेत का, हे फेज कॉन्ट्रास्टने ठरते. किती पेशींत तुकडे झाले, हे टॉम-२० च्या फ्लुरोसन्सने शंभर पेशींत मोजले जाते. केंद्रकाजवळचे जाळे आणि डीआरपी-१ चे स्थान कॉन्फोकलच्या राशीतून पाहिले जाते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला फक्त घड्यांचा प्रश्न विचारला जातो, आणि तोही दोन्ही गटांच्या गोल चकत्यांची गोल चकत्यांशी तुलना करून. एका गटाचे लांब काप आणि दुसऱ्याचे गोल काप निवडून शेजारी छापले, तर घड्यांत दिसणारा फरक उपचारामुळे आहे की कापाच्या दिशेमुळे, हे परीक्षकाला काय, प्रयोग करणाऱ्यालाही सांगता येणार नाही.